राजकोषीय तूट आणि सरकारी कर्जउभारणी

एका वर्षातील सरकारचा एकूण खर्च कर्जाव्यतिरिक्तच्या जमेपेक्षा जितका जास्त, तितकी राजकोषीय तूट. ती मुख्यतः ठराविक मुदतीचे रोखे विकून भरून काढली जाते.

तुटीमुळे व्याजदर खरोखर वाढतात का, हा वाद जुना आहे. युद्धखर्च करातून भागवला काय किंवा कर्जातून काय, हिशेबाने भार सारखाच पडतो, असे डेव्हिड रिकार्डो यांनी १८१७ च्या ग्रंथात दाखवले. लोक प्रत्यक्षात असा हिशेब करत नाहीत, असेही त्यांचे मत होते. रॉबर्ट बॅरो यांनी १९७४ मध्ये हा विचार नव्याने मांडला: भावी करांसाठी कुटुंबे तेवढीच बचत वाढवतात, म्हणून व्याजदर ढळत नाहीत. या सिद्धांताला रिकार्डोंचे नाव चिकटले, ते फारसे न्याय्य नव्हे. बचत काही अंशीच वाढते आणि उरलेला ताण परतावा दरावर येतो, हे मत अधिक ग्राह्य वाटते. जपानचे कर्ज सकल उत्पादनाच्या दुपटीहून अधिक होऊनही तेथील दर दीर्घकाळ शून्याजवळ राहिले. देशांतर्गत बचत आणि मध्यवर्ती बँकेची रोखेखरेदी ही त्याची प्रमुख कारणे मानली जातात.

रोख्यांचा पुरवठा वाढला की ते खपवण्यासाठी किंमत उतरवावी लागते. दर्शनी किंमत १००, वार्षिक व्याज ६ आणि मुदत १० वर्षे असलेल्या रोख्यावर बाजार ७ टक्के परतावा मागू लागला, तर त्याची किंमत सुमारे ९३ होते.

समभागांना हा धक्का अधिक बसू शकतो. पुढील वर्षी ५ लाभांश अपेक्षित आहे, तो दरवर्षी ६ टक्क्यांनी वाढेल आणि गुंतवणूकदार रोख्यापेक्षा ५ टक्के जादा परतावा मागतात, असे धरू. रोख्याचा दर ६ असताना अपेक्षित परतावा ११ होतो. त्यातून वाढीचे ६ वजा करता ५ टक्के उरतात, म्हणून समभागाचे मूल्य १००. दर ७ झाला की मूल्य सुमारे ८३. दर अर्थव्यवस्थेच्या तेजीमुळे वाढला असेल, तर लाभांशवाढीची अपेक्षाही चढते आणि ही घसरण बरीचशी भरून निघते.

दरवाढीमागे तेजी आहे की कर्जाची धास्ती, याची एक खूण चलनात दिसते. तेजीत चलन सहसा वधारते. २३ सप्टेंबर २०२२ रोजी ब्रिटनने भरपाईची तरतूद न करता मोठी करकपात जाहीर केली, तेव्हा रोख्यांचे दर चढत असतानाच पौंड कोसळला. दीर्घ मुदतीच्या रोख्यांत कर्जाऊ पैशाने गुंतवणूक केलेल्या निवृत्तिवेतन निधींना तारणाची भर घालण्यासाठी तेच रोखे विकावे लागले, त्यामुळे किमती आणखी पडल्या. ३० वर्षांच्या रोख्याचा दर ५ टक्क्यांवर गेल्यावर बँक ऑफ इंग्लंडने २८ सप्टेंबरला तात्पुरती खरेदी जाहीर केली आणि त्याच दिवशी तो सुमारे एका टक्केबिंदूने उतरला. करकपातीचा बहुतेक भाग १७ ऑक्टोबरला मागे घेण्यात आला.