नऊ इंची भिंत, तिचा माथा आणि तिचे कोपरे

वीटकामाची भिंत वरून येणारा भार सहज पेलते. भूकंपात मात्र ती बाजूने ढकलली जाते, आणि तेव्हा ती टिकते की नाही हे बरेचसे तिला कुठे कुठे धरून ठेवले आहे यावर ठरते. ४.५ मीटर लांब आणि ३ मीटर उंच खोलीची नऊ इंची, म्हणजे २३० मिमी जाडीची भिंत घेऊन हे पाहू.

भिंतीचा सडपातळपणा म्हणजे तिची परिणामी उंची भागिले जाडी. जाडीत गिलावा धरायचा नाही. परिणामी उंची टेपने मोजता येत नाही, ती माथा कसा धरला आहे त्यावर ठरते. काँक्रीटचा स्लॅब भिंतीवर नीट टेकलेला असेल, तर भारतीय मानक आय.एस. १९०५ प्रमाणे ती प्रत्यक्ष उंचीच्या ०.७५ पट, म्हणजे २.२५ मीटर येते. सडपातळपणा झाला ९.८. त्याच भिंतीवर नुसते पत्रे ठेवले आणि माथा कशालाच बांधला नाही, तर परिणामी उंची दीडपट, ४.५ मीटर. सडपातळपणा १९.६. वीट तीच, माल तोच, पण भार भिंतीच्या मध्यावर येतो असे धरले तरी पहिल्या भिंतीची सुमारे ९० टक्के ताकद हिशेबात घेता येते आणि दुसरीची जेमतेम ६३ टक्के. सिमेंटच्या मालातल्या भिंतीच्या सडपातळपणाची मर्यादा २७ आहे, म्हणून कागदावर दुसरीही पास होते. पण ही मर्यादा उभ्या भारासाठी आहे. भूकंपात माथा मोकळा असलेली भिंत आत किंवा बाहेर कलंडते. साडेचार इंची भिंतीवर तसेच पत्रे टाकले तर आकडा ३९ होतो; ती भारवाहक म्हणून वापरूच नये.

पत्र्याच्या घरात माथा धरण्याचे काम छताच्या पातळीवरचा काँक्रीटचा पट्टा करतो. तो चारही भिंतींवरून सलग फिरतो आणि वाशांना बोल्टने जखडतो. लांब भिंत बाहेर ढकलली जाते तेव्हा हा पट्टा आडव्या तुळईसारखा वाकतो आणि तो जोर दोन्ही टोकांच्या आडव्या भिंतींकडे नेतो. स्लॅब पूर्ण भिंतींवर टेकत असेल तर हा पट्टा लागत नाही. दारे-खिडक्यांच्या माथ्यावरून फिरणारा लिंटेलचा पट्टा मात्र दोन्ही प्रकारच्या घरांत हवाच.

आता दारे-खिडक्या. याच भिंतीत १ मीटरचे दार आणि प्रत्येकी १.२ मीटरच्या दोन खिडक्या काढल्या, तर ४.५ पैकी ३.४ मीटर भिंत कापली गेली, म्हणजे ७६ टक्के. आय.एस. ४३२६ मध्ये तीव्र भूकंपक्षेत्रातल्या एकमजली घरासाठी ही मर्यादा ५० टक्के आहे. शिवाय आतल्या कोपऱ्यापासून पहिले दार किंवा खिडकी किमान ४५० मिमी दूर हवी आणि दोन दारे-खिडक्यांमधला भिंतीचा खांब किमान ५६० मिमी रुंद. अरुंद खांबावर दोन्ही बाजूंनी तिरक्या भेगा पडून फुलीचा आकार दिसतो. दार किंवा खिडकी कोपऱ्याला खेटली तर दोन भिंती एकमेकींपासून उभ्या सुटतात. म्हणून दार ०.९ मीटरचे आणि खिडकी एकच, १.२ मीटरची ठेवावी: एकूण २.१ मीटर, ४७ टक्के. उरलेले २.४ मीटर डावीकडे ०.६, मध्ये १.०, उजवीकडे ०.८ असे वाटता येतात. उजेड जास्त हवा असेल तर समोरच्या भिंतीत खिडकी द्यावी, हीच भिंत आणखी कापू नये.

लिंटेलचा पट्टा भिंतीइतका रुंद आणि निदान ७५ मिमी जाड असतो. त्यात या लांबीला ८ मिमीच्या दोन सळया आणि दर १५० मिमीला ६ मिमीची आडवी कडी पुरते. बहुतेक वेळा पट्टा फसतो तो कोपऱ्यात. गवंडी सळई कोपऱ्यापाशी तोडतो आणि दुसऱ्या भिंतीची सळई शेजारून सुरू करतो. मग पट्ट्याचे चार सुटे तुकडे होतात आणि ताण कोपऱ्यातच काँक्रीटवर येऊन ते फुटते. सळई वाकवून दुसऱ्या भिंतीत पुढे न्यावी आणि जोड तिथे, कोपऱ्यापासून दूर, किमान ४०० मिमी लांबीचा द्यावा. काँक्रीट ओतण्याआधी कोपऱ्यात उभे राहून पाहिले तर प्रत्येक सळई वळून जाताना दिसली पाहिजे. झरोक्यासाठी पट्टा मध्येच तोडला तरी हेच नुकसान होते.

तीव्र क्षेत्रात प्रत्येक कोपऱ्यात १० मिमीची एक उभी सळईही लागते. ती पायाच्या काँक्रीटमध्ये रोवून, लिंटेलच्या पट्ट्यातून वर नेऊन, छताच्या पट्ट्यात किंवा स्लॅबमध्ये अडकवतात. तिच्याभोवती विटांत पोकळी ठेवून दर काही थरांनी काँक्रीट ठासायचे. पूर्ण उंची बांधून झाल्यावर वरून ओतले तर खाली पोकळ राहते आणि सळई नुसती उभी असते. बांधताना कोपरा पायऱ्यांसारखा सोडून दोन्ही भिंती एकत्र वर न्याव्यात. एक भिंत आधी सरळ उभारून दुसरी नंतर दात्यांत बसवली, तर तिथला माल क्वचितच पूर्ण भरतो.