कला आणि पृथ्वीची सावली

‘चंद्राच्या कला पृथ्वीच्या सावलीमुळे होतात ना? मग दर पौर्णिमेला ग्रहण का होत नाही?’

कलांचा पृथ्वीच्या सावलीशी काहीही संबंध नाही, आणि याची खात्री शुक्ल अष्टमीच्या संध्याकाळी गच्चीवरून करता येते. सूर्य पश्चिमेला मावळत असतो, त्यामुळे पृथ्वीची सावली नेमकी विरुद्ध, म्हणजे पूर्व क्षितिजाकडे पडलेली असते. अर्धा चंद्र मात्र साधारण डोक्यावर, त्या सावलीपासून सुमारे ९० अंश दूर असतो. त्याचा सूर्याकडचा अर्धा गोल तेव्हाही उजळलेलाच असतो, पण त्या उजळ भागाला आपण बाजूने पाहत असल्याने त्याचा निम्माच भाग आपल्याला दिसतो. (शिवाय गोल सावलीची कड अष्टमीच्या चंद्रासारखी सरळ कशी पडेल?)

चंद्र सावलीजवळ येतो तो पौर्णिमेलाच. मात्र त्याची कक्षा पृथ्वीच्या कक्षेशी सुमारे ५ अंशांनी कललेली आहे आणि तिथे गडद सावलीची रुंदी जेमतेम दीड अंश भरते, म्हणून बहुतेक पौर्णिमांना चंद्र सावलीच्या वरून किंवा खालून निघून जातो. चंद्राची कक्षा पृथ्वीच्या कक्षेच्या प्रतलाला जिथे छेदते, त्या राहू-केतू नावाच्या बिंदूंजवळ पौर्णिमा घडली, तरच चंद्रग्रहण होते.