जाळीवर टेकलेलं कोपर

प्रयोगशाळेत धोकादायक जंतूंचे नमुने ज्यात हाताळतात, त्या बायोसेफ्टी कॅबिनेटची समोरची काच खालपर्यंत येत नाही. तिच्याखाली साधारण 20 ते 25 सेंटिमीटरची फट उघडी असते आणि त्यातून हात आत घालून काम करायचं असतं. आत क्षयरोगाच्या संशयित रुग्णाचा बेडका, बाहेर तंत्रज्ञाची छाती, आणि त्या फटीत दोघांच्या मधे फक्त वाहती हवा. बाहेरून पाहणाऱ्याला हे कॅबिनेट म्हणजे एक भक्कम लोखंडी कपाट वाटतं. पण संरक्षणाचा सगळा भार या हवेवर असतो, आणि ती बिघडवायला फारसं काही लागत नाही.

प्रयोगशाळांमध्ये सर्रास दिसतो तो क्लास टू, टाइप ए-टू हा प्रकार. त्यात हवेचे दोन प्रवाह असतात. पहिला खोलीतून फटीकडे येतो, पण कामाच्या पृष्ठभागापर्यंत पोचत नाही. फटीच्या काठालाच एक जाळी असते, तिथेच तो खाली खेचला जातो. त्यामुळे आतले जंतू बाहेर येत नाहीत. दुसरा प्रवाह छतातल्या हेपा फिल्टरमधून गाळून शांतपणे खाली उतरतो आणि नमुन्यावर सतत स्वच्छ हवा धरून ठेवतो. पृष्ठभागाजवळ आल्यावर तो दुभंगतो. निम्मा पुढच्या जाळीत जातो, निम्मा मागच्या. मग ही सगळी हवा टेबलाखालून आणि मागच्या पोकळीतून पंख्याच्या जोराने वर चढते. तिथे साधारण 70 टक्के हवा फिल्टरमधून परत खाली सोडली जाते आणि उरलेली 30 टक्के दुसऱ्या हेपा फिल्टरमधून बाहेर. हा बाहेर जाणारा वाटाच महत्त्वाचा, कारण जेवढी हवा वरून बाहेर पडते तेवढीच फटीतून आत ओढली जाते.

फटीतल्या हवेचा वेग किमान अर्धा मीटर प्रति सेकंद असावा लागतो. 120 सेंटिमीटर रुंद आणि 20 सेंटिमीटर उंच फट धरली, तर दर सेकंदाला सुमारे 120 लिटर हवा आत जाते. आकडा मोठा वाटतो, पण वेग पाहा. माणूस सहज चालतो तेव्हा सेकंदाला मीटरभर अंतर तरी कापतोच. म्हणजे काम करणाऱ्याच्या पाठीमागून कुणी लगबगीने गेलं, की त्याच्यामागे ओढली जाणारी हवा फटीतल्या हवेच्या या पडद्याला सहज हलवू शकते. दार उघडणं, एसीचा झोत, टेबलफॅन यांचंही तेच. म्हणून कॅबिनेट दारापासून आणि वर्दळीपासून दूर, कोपऱ्यात ठेवतात. जागा वाचवायला ते दाराशेजारी बसवणाऱ्यांनी संरक्षणाचा बराचसा भाग पहिल्याच दिवशी घालवलेला असतो.

या हवेचं वागणं डोळ्यांनी पाहायचं असेल, तर धुराची कांडी फटीसमोर धरावी. धुराची बारीक रेघ सरळ जाळीकडे झुकते आणि नाहीशी होते. आता दोन्ही कोपरं जाळीवर टेकवली, तर त्याखालची भोकं बंद होतात आणि तिथला धूर आत जायचा सोडून हाताच्या कडेने रेंगाळतो, कधी उलटा बाहेर वळतो. जाळीवर ठेवलेला टिश्यू पेपर किंवा नोंदवही हेच करते. हात आत-बाहेर झपकन नेला तर त्याच्यामागे धुराचं शेपूट बाहेर येतं. म्हणून हात सरळ रेषेत, सावकाश आत न्यायचे. आत गेल्यावर लगेच कामाला लागायचं नाही. मिनिटभर स्थिर राहायचं, म्हणजे प्रवाह पुन्हा जुळतो आणि बाह्यांवरची धूळ वाहून जाते.

आता बेडक्याचं प्रत्यक्ष काम पाहू. क्षयाच्या कल्चरसाठी, म्हणजे नमुन्यातले जंतू वाढवून पाहण्यासाठी, बेडक्यात त्याच्याएवढंच रसायन घालतात, नळी व्हॉर्टेक्सवर घुसळतात, पंधरा मिनिटं ठेवून बफर भरतात आणि सेंट्रिफ्यूज करतात. घुसळताना आणि फिरवताना नळीच्या आत जंतूंचे सूक्ष्म तुषार तयार होतात. लगेच झाकण काढलं तर ते झाकणाबरोबर उसळून वर येतात, म्हणून काही मिनिटं थांबून मगच उघडायचं. सेंट्रिफ्यूजच्या झाकणबंद बादल्यासुद्धा कॅबिनेटच्या आतच उघडायच्या. नळी आत फुटली असेल, तर ते कळण्याची जागा तीच असावी.

काम सुरू करण्याआधी पंखा पाच मिनिटं चालू ठेवायचा. लागेल ते सगळं आधीच आत मांडून ठेवायचं, कारण विसरलेलं पिपेट आणायला बाहेर काढलेला प्रत्येक हात पडदा फाडतो. पण सामानाची गर्दीही नको, मागची जाळी झाकली की तिकडचा प्रवाह तुंबतो. स्वच्छ सामान एका बाजूला, काम मधे, टाकाऊ दुसऱ्या बाजूला, आणि हात नेहमी स्वच्छाकडून घाणेरड्याकडे. टाकाऊ पिपेटांचा डबाही आतच हवा. बाहेरच्या डब्यात टाकायला हात दर वेळी फटीतून न्यावा लागतो. नळी उघडायची ती पुढच्या जाळीपासून निदान दहा सेंटिमीटर आत.

इथे एक गोष्ट हवा सांभाळू शकत नाही. समजा आठ रुग्णांच्या नळ्या एकदम उघड्या ठेवल्या आणि बफरची एकच बाटली क्रमाने सगळ्यांत ओतली. तिसऱ्या नळीच्या काठाला बाटलीचं तोंड निसटतं टेकलं, तर त्या रुग्णाचे जंतू चौथ्या नळीत पोचतात. चौथ्या रुग्णाला क्षय नसतानाही कल्चर पॉझिटिव्ह येतं आणि अनेक महिन्यांची औषधं मागे लागतात. कॅबिनेट उत्तम चालत असतानाही हे घडतं. उपाय साधा आहे: एका वेळी एकच नळी उघडायची आणि प्रत्येक रुग्णासाठी बफर वेगळं काढून ठेवायचं.

फिल्टरबद्दल एक गैरसमज फार पसरलेला आहे. हेपा म्हणजे बारीक भोकांची चाळणी, त्यामुळे जंतू जितका लहान तितका निसटण्याची भीती जास्त, असं लोकांना वाटतं. प्रत्यक्षात तो काचतंतूंचा घड्या घातलेला कागद असतो. मोठे कण हवेबरोबर वळू न शकल्याने तंतूंवर आदळतात. फार लहान कण हवेच्या रेणूंच्या धक्क्यांनी इतके भरकटतात की कुठल्या तरी तंतूला चिकटतातच. सर्वांत अवघड पडतात ते मधले, सुमारे 0.3 मायक्रॉनचे. तेही दहा हजारांतले किमान 9,997 अडकतात. त्याहून लहान विषाणू म्हणूनच फिल्टरला जड जात नाहीत.

वायू आणि वाफ मात्र आरपार जातात. 70 टक्के हवा परत फिरते, त्यामुळे आत सांडलेल्या स्पिरिटची वाफ साठत जाते. अशा ठिकाणी गॅसचा बर्नर लावणं म्हणजे दुहेरी चूक. आगीचा धोका आहेच, शिवाय ज्योतीची गरम हवा वर चढते आणि खाली येणारा स्वच्छ प्रवाह विस्कटते. नमुना उचलायचा लूप ज्योतीवर निर्जंतुक करण्याऐवजी एकदाच वापरायचा प्लास्टिकचा घ्यावा.

समोरचा दाबमापक नेहमीचा आकडा दाखवतो म्हणून फिल्टर शाबूत आहे, असं मानू नये. फिल्टर भरत चालला की तो सांगतो, पण टाचणीएवढ्या भोकाने दाबात दिसण्याजोगा फरक पडत नाही. ते शोधायला फिल्टरच्या एका बाजूला तेलाचं सूक्ष्म धुकं सोडतात आणि दुसऱ्या बाजूने संपूर्ण पृष्ठभाग इंचाइंचाने तपासतात. 0.01 टक्क्यापेक्षा जास्त धुकं कुठेही पार झालं, तर ती गळती. ही तपासणी वर्षातून एकदा करतात. कॅबिनेट त्याच खोलीत चार फूट सरकवलं तरीही ती पुन्हा करावी लागते, कारण हलवताना फिल्टरच्या चौकटीचं सील जागचं सुटू शकतं.