कोपऱ्यातला सामना डोळ्यांनी नाही, कानांनी पाहायचा

१ डिसेंबर २०२२. पुरुषांच्या फुटबॉल विश्वचषकात ई गटाचे शेवटचे दोन सामने एकाच वेळी सुरू झाले. एकीकडे जपान आणि स्पेन, दुसरीकडे कोस्टारिका आणि जर्मनी. ५१ व्या मिनिटाला जपानने स्पेनवर २-१ अशी आघाडी घेतली. त्या गोलाआधी चेंडू रेषेबाहेर गेला होता का, याची व्हिडिओ तपासणी झाली आणि गोल ग्राह्य ठरला. पुढे ७० व्या मिनिटाला कोस्टारिकाने जर्मनीवर २-१ अशी आघाडी घेतली आणि गटाचा तक्ताच उलटा झाला. त्या क्षणी स्पेन आणि जर्मनी दोघेही बाहेर, जपान आणि कोस्टारिका पुढे. ही अवस्था जेमतेम तीन मिनिटं टिकली. ७३ व्या मिनिटाला जर्मनीने बरोबरी साधली, नंतर सामनाही ४-२ असा जिंकला, पण तरी बाहेर गेली ती जर्मनीच.

हे सामने एकाच वेळी का ठेवतात, याला १९८२ चं एक प्रकरण कारणीभूत आहे. त्या विश्वचषकात स्पेनमधल्या हिहोन शहरात पश्चिम जर्मनी आणि ऑस्ट्रिया यांचा सामना होता. त्याच गटातल्या अल्जीरियाचा शेवटचा सामना आदल्या दिवशीच आटोपला होता. त्यामुळे किती गोलांनी आपण दोघेही पुढे जातो, हे दोन्ही संघांना आधीच ठाऊक होतं. जर्मनीने दहाव्या मिनिटाला गोल केला आणि उरलेला वेळ दोघांनी चेंडू इकडून तिकडे फिरवत काढला. १९८६ च्या स्पर्धेपासून गटातले शेवटचे दोन सामने एकाच वेळी खेळवू लागले. खेळाडूंचा प्रश्न सुटला, प्रेक्षकांचा मात्र तिथून सुरू झाला.

आता त्या प्रेक्षकाला पडद्यावर दोन सोयी मिळतात. पिक्चर-इन-पिक्चरमध्ये एक सामना पूर्ण पडद्यावर आणि दुसरा कोपऱ्यातल्या छोट्या चौकटीत दिसतो. स्प्लिट स्क्रीनमध्ये पडदा दोघांत विभागला जातो. दोन्ही सोयी वापरताना बहुतेक जण एक गोष्ट गृहीत धरतात: दोन्ही चित्रं समोर आहेत, म्हणजे दोन्ही दिसणारच. तसं होत नाही, आणि ते का होत नाही हे मोजून पाहता येतं.

५५ इंची टीव्हीचा पडदा साधारण १२२ सेंटिमीटर रुंद आणि ६८ सेंटिमीटर उंच असतो. तुम्ही त्याच्यापासून अडीच मीटरवर बसला आहात असं धरू. डोळ्याच्या दृष्टिपटलावर मधोमध फोव्हिआ नावाचा एक बारीक खळगा असतो आणि खरोखर रेखीव दिसतं ते फक्त तिथेच. तो खळगा जगाचा जेवढा भाग टिपतो, तो जेमतेम दोन अंशांचा. हात लांब करून अंगठ्याकडे पाहिलं तर नखाशेजारची रुंदी जवळपास तेवढीच भरते. अडीच मीटरवर दोन अंश म्हणजे सुमारे नऊ सेंटिमीटर. इतक्या मोठ्या पडद्यावर एका वेळी सुस्पष्ट दिसतं ते नऊ सेंटिमीटरचं वर्तुळ. बाकीचं चित्र अंधूकच असतं. नजर सेकंदाला तीन-चार उड्या मारत फिरते, म्हणून आपल्याला ते सगळं स्पष्ट असल्यासारखं वाटतं.

कोपऱ्यातली चौकट पडद्याच्या पाव रुंदीची असेल तर ती ३० सेंटिमीटर रुंद आणि १७ सेंटिमीटर उंच होते. पडद्याच्या मध्यापासून तिचा मध्य तिरप्या रेषेत सुमारे ५२ सेंटिमीटर दूर, म्हणजे नजरेपासून जवळपास १२ अंश बाजूला पडतो. इतक्या बाजूला डोळा अक्षरं वाचू शकत नाही, आणि त्याचं कारण नुसता अंधूकपणा नाही. कडेच्या नजरेत शेजारशेजारच्या आकृत्या एकमेकींत मिसळतात. डच शास्त्रज्ञ हर्मन बाउमा यांनी १९७० मध्ये याचा एक ढोबळ नियम मांडला: अक्षर ओळखू यायचं असेल तर त्याच्या आणि शेजारच्या अक्षराच्या मधलं अंतर, ते अक्षर नजरेपासून जितकं दूर असेल त्याच्या निम्मं तरी हवं. इथे ते निम्मं म्हणजे सहा अंश, पडद्यावर सुमारे २६ सेंटिमीटर. चौकटच मुळी ३० सेंटिमीटरची! त्यातल्या धावफलकाचे आकडे एकमेकांना चिकटलेले असतात. बातम्यांच्या वाहिनीवर खालून सरकणाऱ्या पट्टीचंही तेच. ‘डोळ्याच्या कोपऱ्यातून बातम्या वाचतो’ असं कुणी म्हणत असेल तर तो दर वेळी सामन्यावरून नजर काढतो आहे, फक्त त्याला ते जाणवत नाही.

बरं, नजर वळवली तरी काय दिसतं? धावफलकाच्या आकड्यांची उंची चित्राच्या उंचीच्या तीन टक्के धरली, तर पूर्ण पडद्यावर ती दोन सेंटिमीटर असते आणि छोट्या चौकटीत अर्धा सेंटिमीटर. अडीच मीटरवरून तो आकडा निरोगी डोळ्याच्या वाचनमर्यादेच्या जेमतेम वर राहतो. ३ आणि ८ मध्ये घोटाळा होतो तो इथेच. स्प्लिट स्क्रीनमध्ये आकडा एक सेंटिमीटरचा होतो, पण त्याची किंमत मोजावी लागते. आडव्या पडद्यावर दोन आडवी चित्रं शेजारी ठेवली की प्रत्येकाला पडद्याचं पाव क्षेत्रफळच मिळतं आणि उरलेला अर्धा पडदा वर-खाली काळा राहतो. दोन्ही सामने लहान होतात, एकही मोठा राहत नाही. शिवाय दोन्ही चित्रांचे मध्य एकमेकांपासून १४ अंशांवर जातात.

इथवर झाली डोळ्याची मर्यादा. पण समजा दोन्ही चित्रं अगदी एकाच जागी, नजरेच्या मध्यावर आणली तर? हा प्रयोग झालेला आहे. उल्रिक नायसर आणि रॉबर्ट बेकलन या मानसशास्त्रज्ञांनी १९७५ मध्ये दोन खेळांची चित्रफीत एकावर एक चढवून दाखवली, एक चेंडू फेकण्याचा खेळ आणि दुसरा हातावर हात मारण्याचा. त्यांपैकी एकच खेळ बघा म्हटल्यावर लोकांना ते सहज जमलं, दुसरा जणू नाहीच. दोन्ही बघा म्हटल्यावर मात्र त्यांची तारांबळ उडाली. एक खेळ एका डोळ्याला आणि दुसरा दुसऱ्या डोळ्याला दाखवूनही फरक पडला नाही. म्हणजे अडचण डोळ्यांपुरती नव्हती. वाहता खेळ समजून घेताना पुढे काय होणार याचा अंदाज आपण सतत बांधत असतो, आणि दोन खेळांचे अंदाज एकत्र बांधता येत नाहीत.

तेव्हा छोटी चौकट ही सामना ‘पाहण्याची’ जागा नाही. ती धोक्याच्या घंटेसारखी आहे. कडेच्या नजरेला वाचता येत नसलं तरी हालचाल आणि लुकलुक चांगली कळते. गोल झाल्यावर कॅमेरा अचानक जवळ जातो, खेळाडू एकमेकांवर उड्या मारतात, हिरवं चित्र एकदम माणसांच्या रंगाचं होतं. तेवढं कोपऱ्यातून टिपता येतं. पण त्याहून भरवशाची घंटा म्हणजे आवाज, आणि तो बहुतेक जण चुकीच्या सामन्याला देतात. मोठ्या चित्राचा आवाज चालू, छोट्याचा बंद, ही सगळ्यांची सवय. उलट करून पाहा. ज्या सामन्यावर नजर आहे तो आवाजाशिवाय कळतो. ज्याच्यावर नजर नाही त्याला समालोचकाची आणि प्रेक्षकांच्या गलक्याची गरज असते. आवाज चढला की नजर वळवायची. प्रत्यक्ष गोल हुकला तरी पुनर्दर्शन दाखवतातच. मलाही पहिल्या दिवशी हे विचित्र वाटलं, डोळ्यांसमोर जपान आणि कानात जर्मनी, पण अर्ध्या तासात सवय झाली.

सामना आणि बातम्या असतील तर हेच आणखी सोपं होतं, कारण बातम्यांमधलं बहुतेक काही चित्रात नसतं, बोलण्यात असतं. सामना मुका, बातम्या बोलत्या. दोन्हींचा आवाज एकदम ठेवायच्या फंदात मात्र पडू नका. कॉलिन चेरी यांनी १९५३ मध्ये दोन कानांत दोन वेगळी भाषणं ऐकवून पाहिली होती. ज्या भाषणाकडे लक्ष नव्हतं, त्यातला आवाज पुरुषाचा की बाईचा एवढं लोकांना सांगता आलं, मजकूर जवळपास काहीच नाही.

फोनवर आवाजाची ही अदलाबदल करताना एक ठेच हमखास लागते: दुसरा सामना सुरू केला की पहिला आपोआप थांबतो. हा बिघाड नव्हे. अँड्रॉइडमध्ये आवाजाचा हक्क एका वेळी एका अ‍ॅपकडे राहावा अशी व्यवस्था आहे. दुसऱ्याने तो मागितला की पहिलं अ‍ॅप शहाण्यासारखं थांबतं. शिवाय अँड्रॉइड १० च्या आधी विभागलेल्या पडद्यावर ज्या भागाला बोट लागलं तोच पूर्णपणे चालू मानला जाई, आणि काही अ‍ॅप दुसऱ्या भागातला व्हिडिओ थांबवत. संगणकावर हा त्रास कमी. ब्राउझरच्या दोन खिडक्या उघडायच्या आणि नको त्या टॅबचा आवाज बंद करायचा. फायरफॉक्समध्ये तर २०२१ च्या ८६ व्या आवृत्तीपासून एकापेक्षा जास्त तरंगत्या चौकटी उघडता येतात.

सगळ्यात मोठा रसभंग मात्र वेळेच्या फरकाने होतो. इंटरनेटवरचं थेट प्रक्षेपण तुकड्या-तुकड्यांनी येतं. एचएलएस या प्रचलित पद्धतीत सहा-सहा सेकंदांचे तुकडे सुचवलेले आहेत आणि प्लेअर साधारण तीन तुकडे मागे राहून चालतो. म्हणजे १८ सेकंद इथेच गेले, चित्र तयार करून पोचवण्याचा वेळ वेगळा. शिवाय नेट मधे अडकलं किंवा चौकट चुकून थांबली, तर ती पुढे चालू होते तेव्हा तेवढी मागेच राहते. ‘लाइव्ह’चं बटण दाबेपर्यंत ती भरपाई बहुतेक वेळा होत नाही.

समजा जपानचा सामना तुमच्याकडे दहा सेकंद उशिरा येतो आणि जर्मनीचा ३५ सेकंद. मग ७० व्या मिनिटाला जपानच्या सामन्याचा समालोचक कोस्टारिकाच्या गोलाची बातमी देतो, तेव्हा तुमच्या दुसऱ्या चौकटीत चेंडू अजून मैदानाच्या मध्यावर असतो. हा फरक सामना सुरू होण्याआधी तपासता येत नाही, सुरू झाल्यावर येतो. दोन वेगवेगळ्या सेवांवर क्षणभर एकच सामना लावायचा आणि पडद्यावरच्या घड्याळांची वजाबाकी करायची. एकावर १२:४० आणि दुसऱ्यावर १२:१५ असेल तर पुढे असलेली सेवा २५ सेकंद थांबवून पुन्हा चालू करायची. थांबवण्याची सोय नसेल तर पुढे असलेल्या सामन्याचा आवाज बंद ठेवायचा आणि मागे असलेल्याचा चालू, म्हणजे निदान समालोचक तरी गुपित फोडणार नाही. आणि फोनवरच्या धावफलकाच्या सूचना त्या दोन तासांपुरत्या बंद करायच्या, कारण त्या दोन्ही चौकटींच्या आधी पोचतात.