स्ट्रक्चरल ऑडिटचा सारांश : दुरुस्ती की पुनर्बांधणी

स्ट्रक्चरल ऑडिटचा सारांश म्हणजे इमारतीच्या तपासणीचा पूर्ण अहवाल सभासदांना कळावा म्हणून अभियंत्याने काढून दिलेला चार-पाच पानांचा गोषवारा. मूळ अहवालात फोटो आणि चाचण्यांचे तक्ते भरपूर असतात, पण सर्वसाधारण सभेत हात वर होतात ते सारांश वाचूनच. म्हणून सारांशात काय असायला हवे आणि काय नसल्यास तो परत पाठवायला हवा, हे कमिटीला माहीत असणे गरजेचे आहे. ही नोंद सांगलीतल्या कृष्णाकाठच्या, तळाला पार्किंग आणि वर तीन-चार मजले असलेल्या आरसीसी इमारतींपुरती आहे. २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरात पाणी नेमके या इमारतींच्या पार्किंगमधल्या कॉलमना लागून राहिले होते. २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी पातळी ५७ फुटांच्या वर गेली. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट आहे.

सोसायटीच्या आदर्श उपविधींनुसार १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचे ऑडिट दर पाच वर्षांनी आणि ३० वर्षांपुढच्या इमारतीचे दर तीन वर्षांनी करायचे असते. ३० वर्षे पूर्ण झालेल्या इमारतीचे स्थैर्य प्रमाणपत्र महापालिकेकडे देणे वेगळे. ते नोंदणीकृत स्ट्रक्चरल इंजिनिअरकडूनच घ्यावे लागते. दुरुस्तीचा ठेकेदार 'ऑडिट फुकट करून देतो' म्हणाला, तर ते घेऊ नये. ज्याला पुढचे काम मिळणार आहे, त्याने आजाराची मोजणी करणे सोसायटीच्या हिताचे नाही.

आधी कॉलमचा नकाशा पाहावा

सभेत सगळ्यात जास्त बोलले जाते ते छताचे पोपडे आणि बाथरूमची गळती यांवर, कारण ती रोज दिसतात. इमारत मात्र कॉलमवर उभी असते. एका खोलीचा स्लॅब खराब झाला तर त्या खोलीपुरते काम निघते. तळमजल्याचा कॉलम खराब झाला तर त्याच्यावरचे सगळे मजले त्यात येतात. त्यामुळे सारांशाच्या पहिल्याच पानावर तळमजल्याचा साधा नकाशा हवा. त्यात प्रत्येक कॉलमला क्रमांक, आणि चांगला, मध्यम, खराब असा रंग असावा. 'इमारतीत ठिकठिकाणी गंज आढळला' एवढ्यावर काहीच ठरवता येत नाही.

कॉलमवरच्या भेगा ओळखायला सभासदही शिकू शकतात. कोपऱ्याजवळून सळईच्या रेषेत वर-खाली गेलेली भेग बहुतेक वेळा गंजाची असते. गंजलेले लोखंड मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा घेते आणि आतून काँक्रीट फोडते. भिंतीत तिरकी गेलेली, पावसाळा-उन्हाळ्यात कमी-जास्त होणारी भेग सांगलीच्या काळ्या मातीची असू शकते. ही माती ओली झाली की फुगते आणि वाळली की आकसते. गिलाव्यापुरत्या केसासारख्या भेगांना फारसा अर्थ नसतो. नव्याने गिलावा केलेला कॉलम मात्र संशयाने पाहावा. त्यावर छोटी हातोडी मारून पोकळ आवाज आला, तर तो तिथे उघडून पाहायला सांगावे.

चाचण्यांचे आकडे कुठे फसवतात

काँक्रीट नवे असताना त्यातली अल्कली सळईला गंजण्यापासून वाचवते. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षे आत शिरत ही अल्कली संपवत जातो. हे कार्बोनेशन किती खोल गेले आहे, ते काँक्रीट ताजे फोडून त्यावर फिनॉल्फ्थॅलिनचे द्रावण शिंपडल्यावर दिसते. अल्कली शिल्लक असलेला भाग गुलाबी होतो, संपलेला भाग तसाच राहतो. बिनरंगाचा पट्टा सळईवरच्या काँक्रीटच्या थरापेक्षा, म्हणजे कव्हरपेक्षा, जाड असला तर सळईचे संरक्षण गेले. पुढे ओलावा आणि हवा मिळाली की गंज सुरू होतो. पुराचे पाणी चार-आठ दिवसांत ओसरते. त्यानंतर गिलाव्यात आणि कॉलमला लावलेल्या टाइल्समागे महिनोन्महिने टिकणारी ओल हे काम करते.

याच कार्बोनेशनमुळे काँक्रीटचा पृष्ठभाग कडक होतो आणि रिबाउंड हॅमरची, म्हणजे काँक्रीटवर आपटून परतणाऱ्या धक्क्यावरून ताकद सांगणाऱ्या उपकरणाची, चाचणी खोटा दिलासा देते. अशा जुन्या पृष्ठभागावर हॅमरचा आकडा खऱ्या ताकदीपेक्षा ५० टक्क्यांपर्यंत जास्त येऊ शकतो. म्हणून फक्त हॅमरवर काढलेला निष्कर्ष मान्य करू नये. काही कॉलममधून कोअर, म्हणजे काँक्रीटचे दंडगोल नमुने, काढून प्रयोगशाळेत दाबून पाहिलेले असावेत. नमुने किमान तीन हवेत. त्यांची सरासरी मूळ ग्रेडच्या, म्हणजे बांधताना ठरवलेल्या ताकदीच्या, ८५ टक्के आणि कोणताही एक नमुना ७५ टक्क्यांहून कमी नसावा, अशी भारतीय मानकाची अट आहे.

एक उदाहरण

समजा, १९८७ ची, पार्किंग आणि तीन मजले, १२ सदनिका आणि १८ कॉलम असलेली इमारत आहे. एकूण बांधकाम ११,००० चौरस फूट. काँक्रीट त्या काळच्या रीतीप्रमाणे एम-१५, म्हणजे ताकद १५ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर. हॅमरने पार्किंगच्या कॉलममध्ये २० दाखवले. कोअरचे निकाल आले १४.१, १२.६ आणि ९.८, सरासरी १२.२. मानकानुसार सरासरी किमान १२.७५ आणि एकेक नमुना किमान ११.२५ हवा होता. म्हणजे हॅमरने पास केलेले काँक्रीट दोन्ही अटींत नापास आहे.

१८ पैकी सात कॉलमना सळईच्या रेषेत भेगा आहेत आणि सातही नदीच्या बाजूचे आहेत. उघडून पाहिल्यावर कव्हर २५ ते ३० मिलिमीटर आणि कार्बोनेशन ४० मिलिमीटर निघाले. १६ मिलिमीटरची सळई गंज खरवडल्यावर १३.५ भरली. अडीच मिलिमीटर किरकोळ वाटतात, पण सळईची ताकद तिच्या छेदाच्या क्षेत्रफळावर असते आणि ते २९ टक्के घटले आहे. सारांशात 'सळई थोडी गंजली' असे न लिहिता हा आकडा कॉलमनिहाय लिहिलेला असावा. वरच्या मजल्यांचे काँक्रीट ठीक आहे, फक्त टॉयलेटचे स्लॅब गळतात.

आता हिशेब. दुरुस्तीचा अंदाज ४८ लाख आला. दुरुस्तीत गिलावा काढल्यावर नुकसान वाढीव निघतेच, म्हणून त्यावर २० टक्के धरावेत : ५७.६ लाख, दर सदनिकेला ४.८ लाख. अभियंता म्हणतो, दुरुस्तीनंतर इमारत १२ ते १५ वर्षे वापरता येईल. कमीत कमी १२ धरली तर सदनिकेमागे वर्षाला ४०,००० रुपये पडतात. नवे बांधकाम उदाहरणापुरते २,२०० रुपये चौरस फूट धरू : २.४२ कोटी. पाडकाम, आराखडे आणि परवानग्यांचे २५ लाख. २४ महिन्यांचे घरभाडे, सदनिकेला महिना ९,००० प्रमाणे, सुमारे २६ लाख. एकूण सुमारे २.९३ कोटी, सदनिकेला साधारण २४.४ लाख, ५० वर्षांवर वाटले तर वर्षाला ४८,८०० रुपये. दोन्ही पर्याय जवळपास आहेत, आणि एकदम २४ लाख काढण्याची ताकद सगळ्यांकडे नसल्याने सभा दुरुस्तीकडे झुकणार.

इथे एक तपासणी राहून जाते, ती म्हणजे जमिनीखालच्या कॉलमची. कॉलमचा प्लिंथपासून, म्हणजे जोत्यापासून, खाली फुटिंगपर्यंतचा, म्हणजे पायापर्यंतचा भाग कायम ओल्या मातीत असतो आणि कुणालाच दिसत नाही. पूरग्रस्त इमारतीत किमान दोन-तीन कॉलमशेजारी खड्डा घेऊन तो पाहायलाच हवा. खड्डा एका वेळी एकाच कॉलमपाशी, एकाच बाजूने, आधी टेकू देऊन आणि फेब्रुवारी ते मे दरम्यान घ्यावा. आपल्या उदाहरणात तो भागही गंजलेला निघाला, तर फुटिंगपासून काम करावे लागेल. खर्च ९० लाखांवर गेला आणि अभियंत्याने वापराची वर्षे आठवर आणली, असे समजा. मग सदनिकेमागे वर्षाला सुमारे ९३,७५० रुपये पडतात आणि पुनर्बांधणी स्पष्टपणे स्वस्त ठरते. म्हणजे निर्णय या खड्ड्यांवर अवलंबून आहे. सारांशात त्यांचा उल्लेख नसेल तर मतदान पुढे ढकलावे.

दुरुस्ती ठरली तर

कमजोर कॉलमला जॅकेटिंग करतात, म्हणजे भोवती नव्या सळया आणि रिंगा बांधून मायक्रोकाँक्रीट ओततात. थर किमान १०० मिलिमीटर हवा. २३० बाय ३८० चा कॉलम त्यामुळे ४३० बाय ५८० होतो आणि पार्किंगमधल्या काही गाड्यांची जागा जाते. हे सभेत आधीच सांगितलेले बरे. ठेकेदार पैसे वाचवायला जॅकेट प्लिंथवर सुरू करून स्लॅबच्या खाली संपवतो. असे जॅकेट भार घेत नाही, फक्त जुन्या कॉलमवर कातडे चढते. नव्या सळया खाली फुटिंगमध्ये बसवलेल्या आणि वर स्लॅबमधून आरपार नेलेल्या असाव्यात.

आणखी एक गोष्ट : फक्त नदीकडचे सात कॉलम जाड केले तर इमारतीची एक बाजू ताठ होते आणि भूकंपात ती पिळली जाते. तळाला मोकळे पार्किंग असलेल्या इमारतीत हा धोका जास्त. १९६७ च्या कोयना भूकंपाचा अनुभव असलेल्या या भागात 'सगळ्या कॉलमचे गणित केले आहे का' हा प्रश्न विचारायलाच हवा. उत्तरादाखल काही चांगले कॉलमही जाड करायला सांगितले तर ती उधळपट्टी समजू नये.

पुनर्बांधणी ठरली तर

सांगलीत आधी पूररेषा पाहावी. निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या. दोन्हींच्या मधल्या पट्ट्यात बांधकामाची पातळी लाल रेषेच्या किमान ०.४५ मीटर वर ठेवावी लागते. निळ्या रेषेच्या आत नियम याहून कडक आहेत. जागा कुठे येते ते नगररचना विभागाकडून लेखी घेतल्याशिवाय नव्या इमारतीच्या खर्चाचा अंदाज धरू नये. जमीन अजून बिल्डरच्या नावावर असेल तर मानीव अभिहस्तांतरण, म्हणजे बिल्डर आला नाही तरी जमीन सोसायटीच्या नावावर करण्याची प्रक्रिया, आधी करून घ्यावे लागते. ठरावासाठी ४ जुलै २०१९ च्या शासन आदेशानुसार एकूण सभासदांपैकी ५१ टक्क्यांहून अधिकांची संमती लागते. सभेला हजर असलेल्यांचे ५१ टक्के चालत नाहीत.

निर्णय होईपर्यंत

अभियंता अहवालात इमारतीला वर्ग देतो. सी-१ म्हणजे तत्काळ रिकामी करून पाडायची, सी-२ए म्हणजे रिकामी करून मोठी दुरुस्ती, सी-२बी म्हणजे न सोडता संरचनात्मक दुरुस्ती, सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्ती. पहिल्या दोन वर्गांत चर्चा घर सोडल्यानंतर करायची असते. बाकी वर्गांतल्या इमारतीत खराब कॉलमशेजारच्या बीमना अभियंत्याने दाखवलेल्या जागी लोखंडी टेकू द्यावेत आणि गच्चीवरची टाकी अर्धीच भरावी, कारण १०,००० लिटर पाणी म्हणजे १० टन वजन. मोठ्या भेगेवर काचेची पातळ पट्टी आडवी चिकटवून शेजारी तारीख लिहावी. पट्टी तडकली तर भेग वाढते आहे असे समजून त्याच दिवशी अभियंत्याला बोलवावे.