काळजीची वेळ (बालकांमधील चिंताविकार)

सामान्यीकृत चिंताविकार असलेल्या मुलाच्या न संपणाऱ्या ‘असं झालं तर?’ प्रश्नांना दिवसातला एक ठरलेला अवकाश देण्याची मानसोपचारातील पद्धत. तिच्या जोडीने ‘विचारांची तपासणी’ शिकवली जाते. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ टॉमस बोर्कोव्हेक आणि सहकाऱ्यांनी 1983 मध्ये प्रौढांसाठी ही पद्धत मांडली. तिच्यात रोज एकाच जागी, एकाच वेळी अर्धा तास काळजी करायची असते. मुलांसाठी दहा-पंधरा मिनिटे पुरतात.

या विकारात काळजी एका विषयाची नसते. शाळा, आजारपण, पैसा, पाऊस असे काहीही तिला पुरते. ती सहा महिने बहुतेक दिवस टिकते आणि आवरता येत नाही. सोबत झोप न लागणे, चिडचिड, अंग आखडणे यांपैकी एखादे लक्षण असते. घरच्यांना मात्र आधी प्रश्नच दिसतात. ते माहितीसाठी विचारलेले आहेत असे समजून मोठी माणसे उत्तरे देत राहतात आणि गाडी नेमकी तिथेच अडते. उत्तराने दोन मिनिटे बरे वाटते, म्हणून मूल पुन्हा विचारते. अनिश्चितता सोसण्याची सवय त्याला लागत नाही.

सोलापुरातील एक नमुना घेऊ. चौथीतला नऊ वर्षांचा मुलगा, वडील यंत्रमाग कारखान्यात. संक्रांत जवळ आली की सिद्धेश्वराच्या यात्रेसाठी होम मैदानावर ‘गड्डा’ नावाची जत्रा भरते. डिसेंबरपासूनच याचे सुरू होते : “मम्मी, गड्ड्यात मी हरवलो तर?” “नाही हरवत रे.” “पण तू फोन विसरलीस तर? पप्पांना सुट्टीच नाही मिळाली तर?” आजी म्हणते, “मी आहे ना बाळा, काही होत नाही.” पाच मिनिटांनी तोच प्रश्न आजीकडे नव्याने येतो.

काळजीची वेळ ठरली साडेपाच ते पावणेसहा, बाहेरच्या खोलीत चटईवर. अंथरुणात नाही आणि झोपायच्या आधीही नाही, कारण मग काळजी झोपेला चिकटते. दिवसभरात प्रश्न आला की आई एवढेच म्हणते, “वहीत लिही, साडेपाचला बघू.” हे वाक्य आजी-पप्पांनीही तेच म्हणायचे. घरातले एक जण उत्तर देत राहिले, तर मूल त्यालाच गाठते. सुरुवातीला प्रश्न वाढतात, रडारडही होते. तेवढ्यावरून पद्धत चुकली असे धरू नये.

साडेपाचला वही उघडली की काही प्रश्न शिळे झालेले असतात. ते मूल स्वतः खोडते. उरलेल्यातला एकच तपासायचा. आधी प्रश्नाचे विधान करायचे, कारण प्रश्न तपासता येत नाही. ‘हरवलो तर?’चे झाले, ‘मी हरवेन आणि घरचे मला कधीच सापडणार नाहीत.’ किती खरे वाटते? दहापैकी आठ. मग पुरावा शोधायचा. तीन वर्षे तो गड्ड्याला गेला आहे. एकदा भेळेच्या गाड्यापाशी हात सुटला होता, पण काकाने लगेच पाहिले. आणि खरेच हात सुटला तर काय करशील? “जागेवरच थांबेन. पोलीसकाकांना मम्मीचा नंबर सांगेन.” नंबर पाठ आहे का, हे तिथेच म्हणून पाहिले. शेवटी नवे वाक्य आले : ‘हात सुटू शकतो, पण मग काय करायचं ते मला येतं.’ जुने विधान आता दहापैकी चारवर आले. ते शून्यावर यावे असा हट्ट नको. पुढे संक्रांतीला तो गड्ड्याला गेलाच पाहिजे. न जाता केलेली तपासणी कागदावरच राहते.

इथे हमखास होणारी चूक म्हणजे पुरावा मोठ्यांनीच पुरवणे. तसे केले की तपासणी हे धीर देण्याचेच दुसरे रूप होते. मुलाने मान डोलावून “नक्की ना?” विचारले, की ती चूक ओळखावी. अशा वेळी उत्तर न देता “तुला काय वाटतं?” असे विचारून थांबावे. ‘आजी मेली तर?’सारख्या प्रश्नाला पुरावा शोधत बसू नये. ‘कधी ते कुणालाच माहीत नाही’ हे वाक्य सोबत घेऊन खेळायला जाणे हाच तिथला सराव. उलट, वर्गात कुणी मारत असेल किंवा घरात पगार थांबला असेल, तर ती काळजी खरी आहे. ती वहीत ढकलणे अन्यायाचे आहे. तिथे मोठ्यांनी काम करायचे असते.

सात वर्षांखालच्या मुलांना विधान आणि पुरावा जड जातो. त्यांच्याशी चित्र किंवा बाहुली घेऊन बोलावे. एकाच प्रश्नाचे उत्तर ठराविक शब्दांतच हवे असेल, किंवा सोबत पुन्हा पुन्हा हात धुणे, मोजणे असेल, तर मंत्रचळाची शक्यता तपासून घ्यावी. त्याचे उपचार वेगळे आहेत. शाळा बुडू लागली, जेवण-झोप बिघडली किंवा मूल मरणाचे बोलू लागले, तर बालमानसोपचारतज्ज्ञांकडे जावे. टेलिमानस ही सरकारी सेवा 14416 या क्रमांकावर मिळते.