औदुंबर : कविता शिकायच्या आधी वाचायची पार्श्वभूमी

मुलांनो, कविता आठच ओळींची आहे आणि पुस्तकात दिलेलीच आहे, त्यामुळे इथे पुन्हा टाईप करत नाही. बालकवी निसर्गकवी होते वगैरे तुम्हाला माहितीय, तेही सोडून देते. या आठ ओळींवर मराठीत इतकी भांडणं का झाली आणि त्यातलं तुमच्या कामाचं काय, एवढंच सांगते.

जुनी गोष्ट थोडक्यात. पंडिती कवितेत झाड, नदी, चंद्र यायचे ते बहुतेक उपमेसाठी, म्हणजे कुणाचं तरी तोंड चंद्रासारखं, कुणाचे हात वेलीसारखे. १८८५ च्या आसपास केशवसुतांपासून कविता बदलायला लागली आणि कवीला स्वतःला काय वाटतं ते कवितेत यायला लागलं. बालकवी त्याच्या पुढच्या पिढीतले, जन्म १८९० चा, खानदेशातल्या धरणगावचा, १९०७ च्या जळगावच्या कविसंमेलनात त्यांना ‘बालकवी’ हे नाव मिळालं तेव्हा वय जेमतेम सतरा. औदुंबरमध्ये मात्र गंमत बघा, ‘मी’ कुठेच नाही. आनंद झाला, दुःख झालं असं काही सांगितलेलंच नाही, माणूस तर एकही दिसत नाही. फक्त चित्र आहे. पुढे नवकवितेच्या काळात, म्हणजे साधारण १९४५ नंतर, टीकाकारांच्या बोलण्यात ‘प्रतिमा’ हा शब्द जोरात आला आणि मग या कवितेकडे सगळ्यांचं नव्याने लक्ष गेलं. आज आपण जे ‘प्रतिमांचे थर’ म्हणतो ते त्या नंतरच्या वाचनातून आलेलं आहे हे लक्षात ठेवा.

आता थर बघू. पहिला थर रंगांचा. हिरवाळी, निळासावळा झरा, हिरवी गर्दी, पांढरी पायवाट, हिरवी कुरणं, काळा डोह, काळिमा. पांढरा एकदाच येतो आणि तो पायवाटेला. का, तर माणसं रोज चालून चालून गवत उगवत नाही आणि माती उघडी पडते म्हणून. म्हणजे आख्ख्या चित्रात माणसाची खूण काय, तर चार घरं, शेतमळे आणि ही वाट. आणि ती सरळ जात नाही, ‘अडवी तिडवी’ जाते आणि जाते कुठे तर काळ्या डोहाकडे. गावात डोहाकडे वाट असतेच, पाणी भरायला, धुणं धुवायला, गुरं पाजायला. पण नदीकाठीच बहुतेक गावांचं मसणही असतं, त्यामुळे ‘डोहाकडे जाणारी वाट’ म्हटलं की मराठी वाचकाच्या मनात दुसरं काहीतरी हललंच. ‘ऐल-पैल’चंही तसंच. भूगोल म्हणून तो अलीकडचा-पलीकडचा काठ आहे, पण संतांच्या अभंगांपासून पैलतीर म्हणजे या जगाच्या पलीकडचं असं कानाला बसलेलंय. कवी तसं काही म्हणत नाही, शब्दच ते घेऊन येतो.

(बेटाबेटांतुन : इथे समुद्रातली बेटं डोळ्यासमोर आणू नका. आपल्याकडे बांबूचं बेट म्हणतात ना, झाडांचा घोळका, तसंही वाचता येतं, आणि ओढ्याकाठी तेच जास्त शोभतं.)

दुसरा थर हालचालीचा. झरा वाहतो, वाट पडते, वाट चालते. सगळं कुठेतरी निघालंय. आणि शेवटच्या ओळीत एकदम ‘बसला’. वाक्याची रचनाही बघा, शेवटच्या दोन ओळींचं मिळून एक वाक्य आहे आणि कर्ता अगदी शेवटच्या शब्दात येतो. म्हणजे आधी पाण्यावर काळोख पडलेला दिसतो, कुणामुळे पडला ते नंतर कळतं. उंबराचं झाड खरोखरच ओढ्याच्या काठावर, पाण्याला धरून वाढतं, मुळं पाण्यात उतरतात, सावली दाट असते, तेव्हा ‘पाय टाकुनी’ ही कल्पना हवेतून काढलेली नाही. त्यात दत्ताचं झाड म्हणून उंबराला जो मान आहे तोही वाचक बरोबर घेऊनच येतो.

आता मुख्य भांडण, ‘असला’ या एका शब्दाचं. इथे जरा वेळ देते कारण दरवर्षी मुलं अडकतात. काही जणांचं म्हणणं, हा शब्द नुसता मात्रा भरायला आणि ‘बसला’शी यमक जुळवायला घातलाय. मोजून बघा. पाय टाकुनी आठ मात्रा, जळांत बसला आठ, असला औदुंबर दहा. ‘असला’ काढला तर चार मात्रा कमी पडतात, ओळ लंगडते. म्हणजे गरज आहे हे खरं. पण गरज आहे म्हणून शब्द रिकामा ठरत नाही. दुसरं वाचन, ‘बसला असला’ एकत्र घ्यायचं, बसला असला तर... पण पुढे तर-बिर काहीच नाही, कविता तिथेच संपते, म्हणून ते टिकत नाही. तिसरं, जे मला पटतं : ‘असला’ म्हणजे असा, या प्रकारचा, विशेषण. कसला औदुंबर? तर जळ झाकोळून लाटांवर गोड काळिमा पसरणारा, असला. बोट दाखवून म्हटल्यासारखं. हल्ली आपण ‘असले धंदे करू नकोस’ असं रागाने म्हणतो म्हणून शब्द खटकतो, पण इथे नापसंती नाही, ‘गोड’ हा शब्द ओळभर आधी येऊन गेलाय.

आणि हा गोड काळिमा म्हणजे काय? इथूनच एक गट म्हणतो औदुंबर म्हणजे विरक्त योगी, संसार लांबून बघणारा. दुसरा म्हणतो उदासीनता, मृत्यू. योगी म्हणणाऱ्यांना माझा एकच प्रश्न, योगी पाय सोडून बसतो का? मांडी घालून बसतो. पाण्यात पाय सोडून बसतं ते लहान पोर नाहीतर गुराखी. मृत्यूवाल्यांकडे डोह आणि काळिमा आहेत, पण ‘गोड’चं काय करायचं ते त्यांना नीट जमत नाही. म्हणून मी वर्गात एकच अर्थ फळ्यावर लिहून देत नाही, दोन्हीकडे पुरावा कुठल्या शब्दाचा ते विचारते.

एक सवय मात्र तोडा. बालकवी ५ मे १९१८ ला भादली स्टेशनजवळ रेल्वेखाली गेले, वय २७. नंतरच्या काळात ही बातमी या कवितेला इतकी चिकटली की गाईडमध्ये सरळ ‘कवीला मृत्यूची चाहूल लागली होती’ असं छापलेलं असतं आणि मुलं तेच उतरवतात. तो रेल्वेचा अपघात होता, आणि चाहूल लागल्याचं या आठ ओळींत एका अक्षरानेही म्हटलेलं नाही. रसग्रहणात आशयसौंदर्य लिहिताना हे वाक्य आलं तर मी मार्क देणार नाही. काव्यसौंदर्यात चेतनगुणोक्ती लिहाल तेव्हा नुसतं नाव लिहून थांबू नका, ‘पाय टाकुनी’ आणि ‘बसला’ हे दोन शब्द दाखवा, आणि भाषेबद्दल लिहायचं असेल तर कर्ता शेवटी आलाय हा मुद्दा घ्या, तो फार कमी जण लिहितात.